साधी वीण, ट्विल आणि साटीन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात चार शाफ्टचा, म्हणजे उभे धागे उचलणाऱ्या चार चौकटींचा, माग घेऊन शिकायला बसलेले, शिवणकाम करणारे आणि बाजारातून कापड घेणारे आम्हांला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. तुलना करता यावी म्हणून बहुतेक उत्तरांत एकच सूत धरले आहे: २/२० सुती, म्हणजे २० नंबरचे दोन पदर पिळून केलेले सूत. सूत तेच ठेवून फक्त वीण बदलली की काय होते, हे त्यातून दिसते. तुमचे सूत वेगळे असेल तर आकडे बदलतील, पद्धत बदलणार नाही.

१. साधी वीण, ट्विल आणि साटीन यांत नेमका फरक काय? तिन्हींत ताणा आणि बाणाच तर असतो.

ताणा म्हणजे मागावरचे उभे धागे, बाणा म्हणजे आडवा धागा. फरक आहे तो बाणा किती वेळा वळतो त्याचा. बाण्याचा धागा ताण्याच्या धाग्यांवरून खाली किंवा खालून वर गेला की त्याला आपण एक वळण म्हणू. दोन वळणांच्या मधे तो मोकळा पडून राहतो, ती त्याची झेप. कारखान्यात तिला फ्लोट म्हणतात.

साध्या विणीत बाणा एका धाग्यावरून, पुढच्याखालून असा जातो, त्यामुळे झेप एकाच धाग्याची. २/२ ट्विलमध्ये तो दोनांवरून आणि दोनांखालून जातो, आणि पुढच्या ओळीत हीच रचना एक धागा बाजूला सरकते. त्या सरकण्यातून तिरकी रेघ उठते. पाच धाग्यांच्या साटीनमध्ये बाणा चारांवरून जातो आणि एकाखाली अडकतो. पुढच्या ओळीतली अडकण्याची जागा मुद्दाम शेजारी न ठेवता दोन धागे पलीकडे ठेवतात, म्हणून रेघ जमत नाही आणि पृष्ठभाग सपाट दिसतो.

ताण्याचे ४० धागे मोजून पाहा. एका ओळीत साध्या विणीला ४० वळणे लागतात, २/२ ट्विलला २०, पाचाच्या साटीनला १६ आणि आठाच्या साटीनला १०. या पानावरची बाकीची बरीचशी उत्तरे याच चार आकड्यांतून निघतात.

२. तिन्ही विणी एकाच मागावर होतात का? ओवणी आणि पायपट्ट्यांचा क्रम सांगा.

साधी वीण आणि ट्विल चार शाफ्टवर होते. खऱ्या साटीनला किमान पाच शाफ्ट लागतात (चारच असतील तर प्रश्न ६ पाहा).

ओवणी तिन्हींत सरळच ठेवा. पहिला धागा पहिल्या शाफ्टवरच्या हील्डच्या डोळ्यातून, दुसरा दुसऱ्याच्या, असे शेवटच्या शाफ्टपर्यंत जायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. खाली दिलेले आकडे उचलायच्या शाफ्टचे आहेत.

साधी वीण: १ आणि ३, मग २ आणि ४. दोन शाफ्टवरही ती होते, पण दाट ताणा दोनच शाफ्टवर घेतला तर हील्ड एकमेकींना घासतात आणि धागे फुसफुसतात. चारांवर विभागलेला बरा.

२/२ ट्विल: १-२, २-३, ३-४, ४-१. क्रम उलटा केला की रेघ दुसऱ्या बाजूला झुकते.

पाचाचे साटीन: १, ३, ५, २, ४. प्रत्येक वेळी एकच शाफ्ट उचलायचा. वर दिसेल ते बाण्याचे साटीन आणि कापडाच्या खालच्या बाजूला आपोआप ताण्याचे. ताण्याची चकचकीत बाजू हवी असेल तरी ती खाली ठेवूनच विणा, कारण पाचांतले चार शाफ्ट प्रत्येक ओळीला उचलत बसण्यापेक्षा एक उचलणे पायाला हलके जाते. तोटा एवढाच की खरी बाजू खाली असल्याने चूक उशिरा दिसते. मागाखाली एक आरसा टेकवून ठेवला की झाले.

३. इंचाला ताण्याचे किती धागे घ्यायचे? साध्या विणीचीच फणी ट्विलला चालेल का?

सर्वांत जास्त चुका इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर.

२/२० सूत जाडीला साधारण १० नंबरच्या एकेरी सुताइतके भरते. असे धागे एकमेकांना चिकटवून ठेवले तर इंचात हिशेबाने सुमारे ८४ बसतात. पण कापडात बाण्यालाही वळायला जागा लागते, आणि प्रत्येक वळण एका धाग्याएवढी जागा खाते. साध्या विणीची आवृत्ती, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी रचना, दोन धाग्यांची असते आणि तीत दोन वळणे येतात. म्हणजे चार जागांपैकी दोनच ताण्याच्या वाट्याला. ८४ चे निम्मे, ४२. ट्विलमध्ये चार धाग्यांना दोन वळणे, म्हणून सहा जागांपैकी चार: ५६. पाचाच्या साटीनमध्ये सातांपैकी पाच: ६०. आठाच्या साटीनमध्ये दहांपैकी आठ: ६७.

हे आकडे म्हणजे कमाल. हातमागावर याच्या पाऊण ते ८५ टक्क्यांपर्यंत घेतले की बाणा ठोकणारा हात्या नीट बसतो आणि कापड हाताला मऊ लागते.

इंचाला १६ घरांची फणी घेऊन १० इंच रुंदीचा नमुना करू. साध्या विणीसाठी प्रत्येक घरात २ धागे घ्या. इंचाला ३२, एकूण ३२० धागे होतात. ट्विलसाठी त्याच फणीच्या घरात ३ घ्या. इंचाला ४८, एकूण ४८०. पाचाच्या साटीनलाही हेच ४८० चालतात, कारण ६० चे ८० टक्के म्हणजे ४८. शिवाय ४८० ला ४ नेही भाग जातो आणि ५ नेही, त्यामुळे ओवणी मधेच तुटत नाही. म्हणजे फणी तीच राहिली, बदलली ती घरातली संख्या.

घरातली संख्या न बदलता, ३२ धाग्यांवरच ट्विल विणले तर कापड मच्छरदाणीसारखे ढिले होते. नख आडवे ओढले की धागे सरकून फट पडते आणि धुतल्यावर रेघ वेडीवाकडी होते. उलट ४८ धाग्यांवर साधी वीण घातली तर हात्या कितीही आपटा, बाणा बसत नाही. इंचाला जेमतेम १५–१८ ओळी जातात, बाणा दिसेनासा होतो आणि कापड पुठ्ठ्यासारखे ताठ बनते. पट्टे असलेल्या बसकरासाठी हे छान, अंगावर घालायला नाही.

४. मग सर्वांत मजबूत वीण कोणती?

कशासाठी मजबूत, हे आधी सांगा. कापड तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी हार मानते आणि तिन्हींत क्रम वेगळा लागतो.

सरळ ताण: एक इंच रुंदीची पट्टी दोन्ही टोकांना धरून ओढली, तर ताण तिच्यातले सगळे धागे एकदम घेतात. धाग्यांची संख्या सारखी असेल तर साधी वीण थोडी वरचढ ठरते. आखूड तंतूंच्या सुतात दर वळणावर आडवा धागा उभ्याला चिमटीत धरतो आणि आतले तंतू निसटू देत नाही. पण योग्य दाटीने विणलेल्या कापडात संख्या सारखी नसतेच. वरच्या नमुन्यात साध्या विणीच्या इंचभर पट्टीत ३२ धागे आहेत, ट्विलमध्ये ४८. दीडपट धागे, म्हणून ट्विल जास्त ओढ सोसते. मात्र सूतही दीडपट लागले आणि वजनही वाढले. ‘ट्विल मजबूत असते’ असे जे म्हणतात, त्यातला मोठा वाटा या जादा सुताचा आहे.

फाटणे: कडेला कात्रीने चीर देऊन दोन्ही हातांनी फाडा. इथे साधी वीण सर्वांत कच्ची. वळणांमुळे प्रत्येक धागा जागच्या जागी जखडलेला असतो, त्यामुळे फाटणाऱ्या टोकाशी तो एकटाच सापडतो आणि तुटतो, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. तो ‘टर्रर्र’ असा सलग आवाज त्याचाच. ट्विल आणि साटीनमध्ये धागे थोडे सरकतात, तीन-चार एकत्र गोळा होतात आणि जुडी करून ताण घेतात. म्हणून ते फाडायला जड जातात. साध्या विणीच्या कापडावर ट्विलपेक्षा कडक खळ चढवली तर फरक आणखी वाढतो, कारण खळ धाग्यांना आणखी जखडते.

घासणे आणि अडकणे: इथे साटीन मागे पडते. लांब झेप म्हणजे मोकळा धागा, तो अंगठीच्या टोकात, वेताच्या खुर्चीच्या कुसळात अडकतो आणि ओढला जातो. साध्या विणीत धागा अडकत नाही, पण प्रत्येक वळणाचा उंचवटा घासला जातो. २/२ आणि ३/१ ट्विल मधोमध बसते. झेप इतकी असते की घर्षण जरा पसरते आणि इतकी लांब नसते की काही अडकेल. कामाचे कपडे ट्विलचे असतात ते यामुळे.

शिवणीशी धागा सरकणे हा चौथा प्रकार. तो प्रश्न १० मध्ये आहे.

५. साटीन चमकते का? आम्ही सुती साटीन विणले, ते तर मंदच दिसते.

चमक म्हणजे एकाच दिशेने परतलेला प्रकाश. साध्या विणीत धागा सतत वर-खाली होतो, त्यामुळे प्रकाश दहा दिशांना फुटतो. साटीनमध्ये शेजारशेजारच्या झेपा समांतर आणि सपाट पडतात, अडकण्याच्या जागा विखुरलेल्या आणि शेजारच्या झेपांखाली झाकलेल्या असतात. म्हणून कापड एका कोनातून चमकते आणि काटकोनात फिरवले की मंदावते. खिडकीशी धरून फिरवून पाहा, झेपा कुठल्या दिशेला आहेत ते लगेच कळेल.

पण वीण फक्त आरसा सपाट करते, काच सुतालाच आणावी लागते. साध्या सुती धाग्यावर हजारो तंतूंची टोके बाहेर आलेली असतात आणि ती प्रकाश विखुरतात. तुमचे साटीन मंद दिसते त्याची कारणे बहुधा या क्रमाने शोधावीत. सूत मर्सराइज केलेले नाही. मर्सराइज करताना सुती धागा ताणून कॉस्टिक सोड्यात बुडवतात, तंतू फुगून गोलसर होतो आणि चमकतो. ते नसेल तर दुसरे कारण जास्त पीळ: पीळ जितका कडक तितका धागा दोरखंडासारखा आणि प्रकाश तुटक. तिसरे, दाटी कमी. झेपा शेजारी-शेजारी टेकल्या नाहीत तर मधून अडकण्याच्या जागा डोकावतात आणि कापड ठिपकेदार दिसते. बाण्याचे साटीन असेल तर चमकीसाठी बाणा दाट हवा, ताणा नव्हे. ४८ धाग्यांच्या ताण्यावर ६० ओळी बसवायचा प्रयत्न करा.

झेप लांब केली की चमक वाढते, हे खरे. पण झेप धाग्यांत न मोजता मिलिमीटरमध्ये मोजा. इंचाला ४८ धागे असताना चार धाग्यांवरची झेप सुमारे २ मिमी असते. इंचाला १२० धाग्यांच्या बारीक रेशमात सात धाग्यांवरची झेप दीड मिमीच भरते. म्हणूनच बारीक सुताचे आठाचे साटीन चकचकीत असूनही टिकते, आणि जाड सुताचे तेच साटीन आठवड्यात ओरखडते.

६. माझ्याकडे चारच शाफ्ट आहेत. साटीन होणारच नाही का? आणि सहाचे साटीन कुठेच का दिसत नाही?

दोन्हींचे उत्तर एकाच नियमात आहे. साटीनमध्ये दर ओळीला अडकण्याची जागा ठरावीक धागे पुढे सरकते. तो आकडा १ असला तर शेजारची जागा येते आणि ट्विल होते. आवृत्तीपेक्षा एकाने कमी असला तरी ट्विलच, फक्त उलट्या बाजूचे. आणि आवृत्तीच्या आकड्याशी त्याचा सामाईक विभाजक असला, तर काही धागे कधीच अडकत नाहीत. पाचात २ आणि ३ चालतात. आठात ३ आणि ५. सहात उरतात २, ३, ४, आणि तिघांचाही सहाशी सामाईक विभाजक आहे. चारात उरतो फक्त २, तोही बाद. म्हणून नियमित साटीन चारात नाही, सहातही नाही.

चार शाफ्टवर तडजोड करता येते: एकेक शाफ्ट १, २, ४, ३ या क्रमाने उचला. याला तुटके ट्विल म्हणतात. झेप तीन धाग्यांची, रेघ दर दोन ओळींनी मोडते, आणि लांबून साटीनसारखे दिसते. जवळून पाहिले तर लागूनच्या दोन-दोन ठिपक्यांच्या जोड्या दिसतात. टेबलाच्या कापडाला ते पुरे होते.

७. ट्विलची रेघ पुसट येते, आणि कोनही ४५ अंशांचा नाही. काय चुकते?

कोन आणि पुसटपणा हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

कोन दाटीवर ठरतो. ताणा आणि बाणा दोन्ही इंचाला ४८ असतील तर रेघ ४५ अंशांत उभी राहते. बाण्याच्या ओळी ३६ च बसल्या तर ती सुमारे ५३ अंशांपर्यंत चढते. कापडाच्या सुरुवातीला आणि शेवटी कोन वेगळा दिसत असेल तर हात एकसारखा बसत नाही किंवा ताण बदलतो आहे. मोजताना ताण सोडून मोजा, मागावर ताणलेले कापड नेहमी कमी ओळी दाखवते.

पुसटपणा पिळाच्या दिशेने येतो. धागा उभा धरून पाहा. पिळाच्या रेषा इंग्रजी Z च्या मधल्या दांडीसारख्या उजवीकडे चढतात की S सारख्या डावीकडे? विणीची रेघ पिळाच्या उलट दिशेने घेतली तर ती ठसठशीत उठते, पिळाच्याच दिशेने घेतली तर मावळते. बाजारातले दुपदरी सूत बहुधा S पिळाचे असते, त्यावर उजवीकडे चढणारी रेघ स्पष्ट येते. साटीनमध्ये मात्र नेमके उलटे करावे, कारण तिथे रेघ नकोच आहे. एकेरी सूत बहुधा Z असते, तेव्हा ते वापरताना पुन्हा तपासून घ्या.

८. कुणबी साडीची चौकट ट्विलमध्ये किंवा साटीनमध्ये विणली तर?

ट्विलमध्ये होईल, पण ती कुणबी साडी वाटणार नाही. साध्या विणीत ताणा आणि बाणा दोन्ही बाजूंना सारखेच दिसतात. लाल ताण्यावर लाल बाणा आला की भरीव लाल, लालावर पांढरा आला की निम्मा-निम्मा मिसळलेला रंग, आणि ही चौकट उलट बाजूलाही तशीच. खांद्यावर गाठ मारून नेसायच्या साडीत दोन्ही बाजू दिसतात, त्यामुळे ते महत्त्वाचे. शिवाय साधी वीण गाठीखाली सरकत नाही आणि इंचाला धागे कमी असल्याने उकाड्यात अंगाला जड होत नाही.

२/२ ट्विलमध्येही दोन्ही बाजूंना रंग सारखे उतरतात, पण चौकटीवर तिरकी रेघ चढते आणि कापड जड होते. साटीनमध्ये चौकट जवळजवळ नाहीशी होते. एका बाजूला ताणाच दिसतो, म्हणून उभे पट्टे. दुसऱ्या बाजूला बाणाच, म्हणून आडवे.

९. ट्विल विणताना कडेचा धागा सुटाच राहतो.

२/२ ट्विलच्या क्रमात काही ओळींना बाणा कडेच्या धाग्याला न अडकता परततो. दोन्ही कडांना एकेक जादा धागा घ्या, तो फणीतून घाला पण हील्डमधून घालू नका. तो शेडच्या, म्हणजे वर-खाली झालेल्या ताण्यामधल्या फटीच्या, मधोमध तरंगतो. धोटा आत टाकताना त्याच्यावरून घालायचा आणि पलीकडे काढताना तिथल्या धाग्याखालून. हाताने धोटा टाकता तोवर हे ठीक. झटक्याच्या मागावर ते जमत नाही, तिथे काठाचे ८–१० धागे साध्या विणीत वेगळे शाफ्ट लावूनच घ्यावे लागतात. काठ वेगळ्या विणीचा झाला की पुढची कटकट प्रश्न ११ मध्ये.

१०. साटीनचा ब्लाउज शिवला, कापड फाटले नाही पण शिवणीजवळ धागे सरकून फट पडली. कापड वाईट का?

कापड वाईट असेलच असे नाही. वळणे कमी, त्यात गुळगुळीत सूत, त्यामुळे धाग्यांना धरून ठेवणारे घर्षणच थोडे. शिवण ओढली गेली की टाक्याजवळचे धागे टाका घेऊन सरकतात. काखेत आणि पाठीवर हे आधी दिसते.

घेण्याआधी दोन अंगठे शेजारी टेकवून कापड बाजूंना दाबून पाहा. फट पडली आणि परत मिटली नाही तर घट्ट बसणाऱ्या कपड्याला ते नको. शिवताना शिवणीची आतली पट्टी किमान दीड सेंटीमीटर ठेवा, टाके इंचाला १०–१२ घ्या, सुई बारीक आणि नवी वापरा. बोथट सुई झेपेचा धागा ओढते आणि शिवणीच्या बाजूला बारीक सुरकुती उमटते. दुहेरी बंद शिवण घातली तर ताण दोन ओळींवर वाटला जातो. आणि माप अर्धा इंच सैल ठेवा, हा उपाय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत नावडता.

११. अंगाला साधी वीण आणि काठाला साटीन, दोन्ही एकाच बीमवर घेता येईल का?

दोन-तीन वीत विणेपर्यंत येईल. मग काठाचे धागे लोंबू लागतील.

कारण असे. वळणावळणाने जाणारा धागा कापडाच्या लांबीपेक्षा जास्त खर्च होतो. साध्या विणीत तो साधारण दहा टक्के जादा लागतो, पाचाच्या साटीनमध्ये त्याच्या निम्म्याच्या आसपास. मीटरभर विणले की अंगाचा ताणा काठापेक्षा पाचेक सेंटीमीटर जास्त ओढला गेलेला असतो. काठ ढिला पडतो, शेड उघडताना त्याचे धागे नीट वर येत नाहीत, धोटा त्यांत घुसतो आणि चार धागे एकदम तुटतात. फणीच्या घरात गोळा झालेला लव हे आधीचे लक्षण.

उपाय म्हणजे काठाचा ताणा वेगळ्या बीमवर घेणे. लहान नमुना असेल तर काठाचे धागे बीमवर न घेता मागे मोकळे सोडा आणि पाण्याची अर्धी भरलेली बाटली लटकवा, पाणी कमी-जास्त करून ताण जुळवा.

शाफ्टचा हिशेब आधी करा. साटीनला पाच आणि साध्या विणीला दोन, एकूण सात. साटीन पाच ओळींनी पूर्ण होते आणि साधी वीण दोन ओळींनी, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी सुरुवातीला यायला दहा ओळी लागतात. म्हणजे दहा पायपट्ट्या, नाहीतर दर ओळीचे शाफ्ट स्वतः निवडून उचलणारी डॉबी. आठ शाफ्टच्या मागाला बहुधा दहा पट्ट्या असतात, तेव्हा जमते. काठाची दाटी प्रश्न ३ प्रमाणे वाढवायला विसरू नका.

१२. पावसाळ्यात धागे का तुटतात? सुती धागा तर ओला असताना जास्त मजबूत होतो ना?

सुती धागा ओलाव्याने मजबूत होतो हे खरे. जून ते सप्टेंबरात बिघडते ती खळ. तांदळाची खळ दमट हवेत पुरती सुकत नाही, धागे चिकट राहतात आणि शेजारचे एकमेकांना धरून ठेवतात. शेड अर्धवट उघडते. दाट ताण्यावर, म्हणजे ट्विल आणि साटीनमध्ये, हा त्रास जास्त होतो. खळ पातळ करा, ताणा बीमवर गुंडाळण्याआधी पंख्याखाली पुरता सुकवा, आणि खळ लावलेला ताणा आठवडेभर मागावर पडू देऊ नका, बुरशी धरते. व्हिस्कोजचे उलटे आहे, तो ओला असताना निम्म्याच्या आसपास ताकद गमावतो. चमकीसाठी व्हिस्कोजचा बाणा घेत असाल तर ओली कांडी वापरू नका.

साध्या पोलादाच्या फणीला समुद्राकाठी गंज चढतो आणि पांढऱ्या कापडावर तपकिरी उभी रेघ उमटते. काम थांबले की कोरड्या कपड्याने पुसून मशीनचे तेल अगदी पुसटसे लावा, पुढच्या वेळी आधी टाकाऊ सुताची चार बोटे विणून तेल काढून टाका.

१३. उभी रेघ दिसते. ओवणी चुकली, फणी चुकली की धागा तुटला, हे कसे ओळखू?

भिंग लावून रेघेच्या जागी पाच-सहा धागे मोजा. दोन शेजारचे धागे एकाच वेळी वर-खाली होत असतील तर ओवणी चुकली आहे. साध्या विणीत ती जोडी जाड पट्टीसारखी दिसते, ट्विलमध्ये रेघेला तिथे पायरी पडते, आणि साटीनमध्ये चमकणाऱ्या भागात एक मंद उभी ओळ येते. वीण बरोबर पण धाग्यांत फट किंवा गर्दी असेल तर फणीचे घर रिकामे राहिले किंवा एकात जादा धागा गेला. कापड उतरवून धुतल्यावर ही रेघ बरीचशी मिटते, ओवणीची कधीच नाही. आणि रेघ अधूनमधूनच येत असेल तर धागा ढिला किंवा तुटलेला आहे, मागे बीमपर्यंत तपासा.

१४. जीन्सचा पाय धुतल्यावर फिरतो. शिवण्याची चूक का?

बहुधा विणीची. जीन्सचे ३/१ ट्विल दोन्ही बाजूंना सारखे नसते, आणि रेघेच्या एकाच दिशेमुळे धुतल्यावर ताण सुटताना कापड तिरके होते. कारखान्यात ते आधीच उलट तिरके करून पक्के करतात. ते नीट झाले नसेल तर पाय फिरतो. प्रश्न ६ मधले तुटके ट्विल रेघ मोडत असल्याने कमी फिरते. घरी विणलेले ट्विल कापण्याआधी एकदा धुऊन घ्या.

१५. ताफेटा चकचकीत असतो, मग तो साटीनच ना? आणि साटीन म्हणून घेतलेल्या कापडाची एक बाजू मंद का?

ताफेटा साध्या विणीचा असतो. त्याची चमक सगळी सुतातून येते: रेशीम किंवा पॉलिएस्टरचा अखंड, तंतूंची टोके नसलेला धागा. दोन सुया घेऊन एक धागा बाहेर ओढा, एकाआड एक वळण दिसेल. म्हणूनच तो खडखडतो आणि दुमडला की सुरकुती धरतो, साटीन मात्र ओघळते.

साटीनची मंद बाजू ही दोष नाही, ती झेपेची उलट बाजू. मशरूमध्ये याच गोष्टीचा उपयोग केला आहे. ताणा रेशमाचा, बाणा सुताचा, वीण साटीनची. वर रेशीम झळकते आणि अंगाला सूत लागते. तेव्हा ‘साटीन’ लिहिलेले पाहून दुकानदाराला दुसरा प्रश्न विचारा: सूत कोणते? साटीन हे विणीचे नाव आहे, म्हापशाच्या बाजारात त्याच नावाखाली मिळते ते बहुतेक पॉलिएस्टर असते.